जुलाब थांबले, तरी झिंक सुरूच?

"बाळाचे जुलाब थांबले की झिंकची गोळी बंद करायची ना?"

नाही, एकूण १४ दिवस द्या. समजा, ८ महिन्यांच्या बाळाचे जुलाब चौथ्या दिवशी थांबले. तोवर शरीरातलं बरंच झिंक शौचावाटे गेलेलं असतं आणि आतड्याचं दुखावलेलं अस्तर अजून भरून यायचं असतं. नव्या पेशी घडायला झिंक लागतं. अस्तर सावरलं की पाणी नीट शोषलं जातं, म्हणून आजार लवकर आटोपतो. उरलेल्या १० दिवसांमुळे पुढचे २-३ महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

रोज २० मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून; ६ महिन्यांखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

शरीरातून गेलेलं पाणी मात्र झिंक भरून देत नाही. ते काम ओआरएसचंच. डोळे खोल गेले किंवा बाळ सुस्तावलं, तर लगेच दवाखान्यात न्या.