पट्टीतून बियाणं-खत वजा केलं की नफा?

"पट्टीवरच्या रकमेतून बियाणं आणि खताची बिलं वजा केली, की उरला तो नफा."

नाही, ती फक्त हातात राहिलेली रोकड. समजा, ३० गुंठे उन्हाळी कांद्याच्या सगळ्या पट्ट्या मिळून ८४,००० रुपये आले. बियाणं ६,००० आणि खत-औषधं १५,००० वजा केल्यावर ६३,००० उरलेले दिसतात. पण लागवड, खुरपणी, काढणीची मजुरी २४,०००, ट्रॅक्टरची मशागत ४,५०० आणि पाण्याचा खर्च ३,००० धरला, की ३१,५०० राहतात. पाण्याच्या खर्चात नुसतं वीजबिल नको, ठिबकच्या किमतीचा या हंगामाचा वाटाही हवा.

खरी गफलत घरच्या माणसांच्या कामात होते. नवरा-बायकोचे मिळून ३० दिवस, ४०० रुपये रोजाने १२,००० होतात. म्हणजे राहिले १९,५००. कृषी खर्च व मूल्य आयोगही हमीभावासाठी घरची मजुरी हिशोबात धरतो.

आता एकर ४० गुंठ्यांचा, म्हणून १९,५०० ला ३० ने भागून ४० ने गुणायचं: एकरी २६,०००. यात स्वतःच्या जमिनीचा खंड अजून धरलेलाच नाही.

पट्टीवर हमाली-तोलाई आधीच कापलेली असते. ती खर्चात पुन्हा लिहिली, तर नफा उगाच कमी दिसतो.