पार्किंग वाटप (गृहनिर्माण सोसायटी)

सहकारी गृहनिर्माण सोसायटीतील मोजक्या गाडी-जागा मालक, भाडेकरू आणि पाहुणे यांच्यात लेखी नियमाने वाटण्याची पद्धत. महाराष्ट्रात सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या धोरणाप्रमाणे व्यवस्थापक समिती हे वाटप करते. सहकार खात्याने सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला वाटपात मिळालेली जागा विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. एका सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळते. अर्जदार नसल्यामुळे जागा उरल्या तर दुसरी जागा दिली जाते, पण तीही वर्षापुरतीच. म्हणजे सभासदाला मिळतो तो वापराचा हक्क.

वाटपाला बसण्याआधी कोणत्या जागा वाटपाच्या आहेत आणि कोणत्या नाहीत हे ठरवावे लागते. त्यासाठी मंजूर नकाशा आणि सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे शेजारी ठेवून पाहावेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात, इमारतीच्या खांबांखालची (स्टिल्ट) आणि उघडी जागा विकासकाला सदनिकेपासून वेगळी काढून विकता येत नाही, असा निर्णय दिला. तो सदनिकांच्या मालकीविषयीच्या 1963 च्या मोफा कायद्याखालचा होता. बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या 2016 च्या रेरा कायद्यातही उघडे पार्किंग सामायिक क्षेत्रातच मोडते. गॅरेज किंवा आच्छादित पार्किंग करारनाम्यात नोंदले असेल, तर त्याचा विचार त्या कराराप्रमाणे वेगळा करावा लागतो. विकासकाने साध्या पत्रावर दिलेला उघड्या जागेचा ‘नंबर’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बहुतेक भांडणे अशाच पत्रांवरून पेटतात, म्हणून ती सगळी मागवून एकदाच तपासावीत आणि निर्णय इतिवृत्तात लिहून ठेवावा.

यानंतर पाहुण्यांच्या जागा बाजूला काढतात. सभासदांचे वाटप झाल्यावर उरतील त्या पाहुण्यांना, असा क्रम ठेवला तर कधीच काही उरत नाही. मंजूर नकाशात अशा जागा दाखवल्या असतील तर त्या सभासदांना वाटून टाकता येत नाहीत.

खरा पेच येतो तो जागांपेक्षा गाड्या जास्त असतात तेव्हा. समजा, 48 सदनिका आणि 30 जागा आहेत. त्यांतल्या 8 करारनाम्यातल्या आणि 2 पाहुण्यांच्या वगळल्या की वाटपाला 20 उरतात. करारनाम्यातली जागा नसलेल्या 29 सदनिकांनी पहिल्या गाडीसाठी अर्ज केले. अशा वेळी दरवर्षी चिठ्ठ्या टाकणे हा रूढ उपाय. सभेत स्टीलच्या डब्यात 29 घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, एक लहान मूल हात घालून त्या काढते, सचिव मोठ्याने सदनिका क्रमांक वाचतो आणि तिथेच नोंदवहीत लिहितो. सगळ्यांसमोर होते म्हणून त्यावर कोणी बोट ठेवत नाही. पण दरवर्षी सगळ्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकल्या, तर एखादी सदनिका लागोपाठ तीन वर्षे बाहेर राहू शकते आणि तिच्या शेजाऱ्याची गाडी एकदाही रस्त्यावर जात नाही. प्रत्येक सोडत प्रामाणिक असूनही एकूण वाटप अन्यायाचे होते.

म्हणून चिठ्ठी जागेसाठी न काढता बाहेर राहण्यासाठी काढावी. नियमात एवढेच लिहायचे: ‘प्रत्येक अर्जदार सदनिका एकदा बाहेर राहीपर्यंत कोणतीही सदनिका दुसऱ्यांदा बाहेर राहणार नाही.’ वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी 29 मधून 9 सदनिका बाहेर राहतात. दुसऱ्या वर्षी त्या 9 जणांना जागा नक्की मिळते आणि उरलेल्या 20 मधून 9 बाहेर जातात. तिसऱ्या वर्षी कधीच बाहेर न राहिलेल्या 11 सदनिका असतात, त्यांतल्या 9 बाहेर जातात. चौथ्या वर्षी उरलेल्या 2 सदनिका चिठ्ठीविनाच बाहेर राहतात आणि त्या वर्षीच्या इतर 7 जणांसाठी नवी फेरी सुरू होते. या फेरीत आदल्या वर्षी बाहेर राहिलेल्या 9 सदनिकांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या नाहीत, म्हणजे कोणालाही सलग दोन वर्षे बाहेर राहावे लागत नाही. साधारण तीन वर्षांत एक वर्ष बाहेर, हा हिशोब प्रत्येकाला आधीच कळतो. माणसे गैरसोय सोसतात, अनिश्चितता सोसत नाहीत.

ही नोंद सदनिकेच्या नावाने ठेवावी, माणसाच्या नाही. भाडेकरूंचा प्रश्न बराचसा इथेच सुटतो. भाडेकरूला वेगळा हक्क नसतो. तो ज्या सदनिकेत राहतो तिचा एक हक्क त्याच्याकडे येतो आणि मालकाने तो भाडेकराराच्या कागदातच लिहून द्यावा. मालक दुसरीकडे राहत असूनही आपली जुनी गाडी इथेच लावत असेल, तर भाडेकरूची गाडी ही त्या सदनिकेची दुसरी गाडी ठरते. हे पुष्कळांना कडक वाटते, पण एका सदनिकेने दोन जागा अडवायच्या आणि दुसऱ्या कुटुंबाने एकमेव गाडी रस्त्यावर लावायची, हे त्याहून वाईट. नोंद सदनिकेची असल्यामुळे नवा भाडेकरू आणून ‘आम्ही कधीच आत नव्हतो’ असा दावा करता येत नाही. घर विकले तरी फेरीतला क्रमांक घराबरोबर जातो. भाडेकरूंच्या गाड्यांना जास्त दर लावण्याचा मोह मात्र टाळावा. भाड्याने दिलेल्या सदनिकेसाठीच्या बिनभोगवटा शुल्कावर सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. पार्किंगच्या आडून तीच रक्कम वाढवल्यासारखे दिसले, तर तक्रार उपनिबंधकाकडे जाते.

अर्जासोबत नोंदणी पुस्तिकेची प्रत घ्यावी. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचे पत्र चालते. ‘पुढच्या महिन्यात गाडी येणार आहे’ हे कारण धरू नये. गाडी येईल त्या दिवशी अर्ज द्यावा, त्यावर तारीख-वेळ टाकून पोच मिळावी आणि नाव प्रतीक्षा यादीत जावे. वर्षाच्या मध्येच कोणी गाडी विकली, तर ती जागा सोसायटीकडे परत येऊन यादीतल्या पहिल्या सदनिकेला मिळते. शेजाऱ्याला परस्पर देता येत नाही. दुचाकींसाठी वेगळी पट्टी आखून क्रमांक टाकले की सहसा पुरते.

पाहुण्यांच्या जागेचा गैरवापर बहुधा सोसायटीतलेच करतात. दुसरी गाडी तिथे ‘जरा वेळ’ लावली जाते आणि ती सकाळपर्यंत राहते. हे ओळखायला कॅमेरा लागत नाही. चौकीदाराच्या वहीत गाडी क्रमांक, कोणत्या सदनिकेकडे आली, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ असे चार रकाने असले आणि रात्री 11 वाजता एक फेरी मारली, की सोसायटीचे स्टिकर लावलेली गाडी पाहुण्यांच्या जागेत लगेच दिसते. नियमात दिवसा चार तासांची मर्यादा ठेवावी, रात्रीच्या मुक्कामासाठी वहीत सही घ्यावी आणि एका सदनिकेला महिन्यात किती रात्री मिळतील तो आकडा लिहावा. चौकीदाराला कोणाला अडवायला सांगू नये. सभासदाशी वाद घालणे त्याला परवडत नाही. त्याने फक्त वही लिहावी. लेखी सूचना सचिवाने दुसऱ्या दिवशी सदनिकेच्या नावाने पाठवावी आणि तिची प्रत फाईलला लावावी.