अनिषेकफलन

परागकणातील नरयुग्मक आणि बीजांडातील अंडपेशी यांचा संयोग, म्हणजे निषेचन, न होताच फुलातील अंडाशय वाढून फळ बनते, त्या क्रियेला अनिषेकफलन म्हणतात. असे फळ सहसा बिनबियांचे असते. बाजारातले प्रत्येक बिनबियांचे फळ मात्र या क्रियेतून आलेले नसते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्झ नोल यांनी १९०२ मध्ये ही संज्ञा वापरली, ती काकडीवरील निरीक्षणांच्या संदर्भात.

एरवी निषेचन झाले नाही तर फूल देठापासून सुटून गळते. निषेचन झाले की वाढत्या बियांमधून ऑक्झिन आणि जिबरेलिन ही संप्रेरके तयार होतात आणि अंडाशयाची भिंत फुगू लागते. म्हणजे फळाला बी हवे असते ते मुख्यतः संप्रेरकांसाठी. ती दुसरीकडून मिळाली तर बियांवाचून भागते. अमेरिकेत गुस्ताफसन यांनी १९३६ मध्ये टोमॅटोसह काही वनस्पतींच्या फुलांना ऑक्झिनसारखी रसायने लावून परागकणांशिवाय फळे वाढवली, तेव्हा हे उघड झाले.

टोमॅटोत या युक्तीची गरज हवामानामुळे पडते. रात्रीचे तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसखाली राहिले की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुले गळतात. जपानमध्ये हरितगृहातील टोमॅटोवर त्यासाठी ४-सीपीए हे कृत्रिम ऑक्झिन वापरतात. झुपक्यातली तीन-चार फुले उमलली की फक्त त्या झुपक्यावर हलका फवारा मारायचा आणि एका फुलावर पुन्हा मारायचा नाही. मात्रा जास्त झाली किंवा फवारा दोनदा बसला तर फळाचे टोक चोचीसारखे निघते, किंवा साल आणि गर यांच्यात पोकळी राहते. असे फळ हाताला वजनापेक्षा मोठे वाटते आणि कापल्यावर आत कोपरे रिकामे दिसतात. फवारा शेंड्यावर उडाला तर कोवळी पाने अरुंद, दोऱ्यासारखी होतात. नवखा माणूस त्याला विषाणूरोग समजून बसतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील हरितगृहांत भुंगमाश्यांच्या पेट्या आल्या आणि तिथे हाताने परागण करण्याचे काम बरेचसे त्यांच्याकडे गेले. भुंगमाशी आपल्या कंपनांनी पराग झाडते, म्हणून अर्थातच त्या टोमॅटोत बिया असतात.

द्राक्षाच्या बाबतीत गोंधळ अधिक. नाशिक-सांगलीकडची थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेली तास-ए-गणेश ही वाणे जीएमुळे, म्हणजे जिबरेलिक ॲसिडमुळे, बिनबियांची होतात असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. या वाणांत निषेचन होते, पण भ्रूण लवकरच खुरटतो आणि बी तिथेच थांबते. मणी आडवा कापून पाहिला तर मऊ, फिकट बीखुणा सापडतात. बी अर्धवट राहिल्याने तिच्याकडून मिळणारे संप्रेरकही तोकडे पडते आणि मणी लहान राहतात. ती उणीव बागायतदार जीएच्या डिपिंगने भरून काढतो. मणी ३-४ मिलिमीटरचे झाले की घड ४० पीपीएमच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे, म्हणजे एक ग्रॅम जीएला २५ लिटर पाणी. जीए पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घेतात.

संप्रेरकाने खरोखर बिया घालवल्याचे नमुनेदार उदाहरण जपानमधील डेलावेअर या बियांच्या द्राक्षाचे आहे. पूर्ण फुलोऱ्याच्या सुमारे दोन आठवडे आधी घड १०० पीपीएम जीएमध्ये बुडवतात. त्यामुळे परागकण आणि बीजांडे दोन्ही निकामी होतात, निषेचन होत नाही आणि तरीही मणी धरतात. परंतु ते बारीकच राहतात, म्हणून फुलोऱ्यानंतर सुमारे दहा दिवसांनी दुसऱ्यांदा बुडवतात. पहिले डिपिंग बी घालवते, दुसरे मणी पोसते. पहिल्याची वेळ टळली तर घडात बियांचे मणी मिसळून येतात.

काकडीला बाहेरून काहीच द्यावे लागत नाही. पॉलिहाऊसमधील बहुतेक काकड्या अशा वाणांच्या असतात की ज्यांच्या वेलावर फक्त मादी फुले येतात आणि परागण न होताही त्यांचे अंडाशय स्वतःच ऑक्झिनची पातळी टिकवून वाढतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सीडलेस काकडी-६ याच प्रकारची. या काकडीच्या चकतीत बियांच्या जागी पातळ, पांढरी, दाताखाली न जाणवणारी पाकळीवजा टरफले दिसतात. ती निषेचन न झालेली बीजांडे होत.

या वेलांना मधमाशी चालत नाही. बीजांडे निरोगी असतात, त्यामुळे बाहेरच्या साध्या काकडीचा पराग मधमाशीने आणून टाकला तर बी भरते. बहुधा टोकाकडे बिया जास्त धरतात आणि काकडी तिथे गदेसारखी फुगते. फाटलेली कीटकरोधक जाळी आणि अशी टोकाला जाड झालेली फळे एकाच वेळी दिसली तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

नर फूलच नसलेल्या वेलाचे बियाणे कसे होते, हा प्रश्न साहजिक आहे. बियाणे तयार करणारे कोवळ्या रोपांवर सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर थायोसल्फेट फवारतात. चांदीचे आयन मादी फुले आणणाऱ्या इथिलिन या संप्रेरकाची क्रिया अडवतात आणि त्याच वेलावर काही काळ नर फुले येतात. त्यांचा पराग हाताने मादी फुलांवर लावला की बियांची काकडी मिळते. या कामात मजुरी फार लागते आणि पॉलिहाऊसच्या काकडीचे बियाणे महाग असण्याचे ते एक कारण आहे.