सोनामुखीचं औषध तयार होतं मोठ्या आतड्यात

सोनामुखीच्या पानांतला औषधी पदार्थ, म्हणजे सेनोसाइड, तोंडावाटे न देता थेट मोठ्या आतड्याच्या अस्तरावर सोडला तर काय होईल? रेचकच ते, तेव्हा आतडं लगेच हलायला लागेल असं वाटतं. ब्रिटनमधल्या हार्डकॅसल आणि विल्किन्स या दोघांनी माणसांवर हा प्रयोग केला आणि १९७० साली तो प्रसिद्ध केला. आतडं हललंच नाही. मग त्यांनी तोच पदार्थ आधी विष्ठेत, किंवा आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूंबरोबर मुरवला आणि पुन्हा अस्तरावर सोडला. या वेळी मात्र आतड्यात जोरदार आकुंचनं सुरू झाली. अस्तर आधी भूल देऊन बधिर केलं, की ती होत नव्हती.

या एका प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. पानातून येतो तो पदार्थ अपुरा असतो आणि जिवाणू तो पूर्ण करतात. आणि पूर्ण झालेला पदार्थ आतड्याच्या स्नायूंना स्वतः ढकलत नाही, तर अस्तरातल्या मज्जातंतूंना चेतवतो.

सोनामुखी आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सुकलेल्या पानांच्या रूपात मिळते आणि बद्धकोष्ठतेवरच्या कितीतरी चूर्णांत असते. भारतातलं तिचं मोठं पीक तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली आणि तूतुकुडीच्या कोरड्या पट्ट्यात निघतं, म्हणून जगाच्या बाजारात ती ‘तिन्नेवेल्ली सेना’ या नावानं ओळखली जाते. पानातला गुण नेमका कशात आहे हे बराच काळ कळलेलं नव्हतं. १९४१ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ कंपनीतल्या आर्थर श्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनोसाइड ए आणि बी हे दोन पदार्थ शुद्ध रूपात वेगळे काढले. दोघांची घडण जवळपास एकच, फक्त त्यांचे दोन भाग अवकाशात एकमेकांशी जोडले गेलेत त्या ढबीत फरक. आपल्या गोष्टीसाठी दोघांना एकच मानलं तरी चालेल.

सेनोसाइडचा रेणू म्हणजे सारख्या घडणीचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून जोडलेले, आणि प्रत्येक तुकड्याला ग्लुकोज साखरेचा एकेक रेणू चिकटलेला. गंमत म्हणजे झाडावरच्या ताज्या पानात हे जोडपं फारसं नसतं. तिथे बहुतेक सुटे तुकडेच असतात. पानं तोडून सावकाश सुकवली, की पानातलीच विकरं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून दोन-दोन तुकडे एकत्र सांधतात. सुकवताना उष्णता फार वाढली तर ही विकरं निकामी होतात आणि जोडण्याचं काम बिघडतं. सोनामुखी सुकवण्याची रीत म्हणजे नुसती टिकवण्याची सोय नाही. तिथे औषधाचा अर्धा रेणू पूर्ण होत असतो. तो पुढे आतड्यात पुन्हा तोडला जाणार आहे, ही गोष्ट निराळी.

आता गोळी गिळल्यावर काय होतं ते पाहू. समजा कुणी रात्री दहा वाजता १२ मिलिग्रॅम सेनोसाइडची गोळी पाण्याबरोबर घेतली. जठरातल्या आम्लाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. लहान आतड्यात खरी पचनाची आणि शोषणाची घाई असते, पण तिथेही हा रेणू जवळपास जसाच्या तसा पुढे सरकतो. एक तर तो मोठा आहे, आणि साखरेमुळे पाण्यात रमणारा असल्यानं आतड्याच्या पेशींच्या तेलकट पडद्यातून आत शिरत नाही. दुसरं म्हणजे ती साखर ज्या बंधानं जोडलेली आहे, तो बीटा प्रकारचा आहे. भाताच्या पिठूळ पदार्थात ग्लुकोजचे रेणू अल्फा बंधांनी जोडलेले असतात आणि ते तोडणारी विकरं आपल्याकडे भरपूर आहेत. बीटा बंध तोडायला आपण कच्चे. दुधातल्या साखरेपुरतं जमतं, पण पालेभाजीतल्या चोथ्यापुढे हात टेकतो. सेनोसाइडवरची साखरही आपल्याला उतरवता येत नाही.

अशा रीतीनं पहाटे दोन-तीनच्या सुमारास हा रेणू लहान आतडं ओलांडून मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचतो. इथून पुढची वस्ती जिवाणूंची, आणि इथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकोसिडेज नावाचं विकर असतं. ते आधी एक साखर उतरवतं, मग दुसरी. जपानी संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या जिवाणूंवर हे टप्पे एकेक करून तपासले. साखर उतरवण्यात पटाईत निघालेला त्यांच्याकडचा एक वाण बायफिडोबॅक्टेरियमचा होता, म्हणजे प्रोबायोटिकच्या पाकिटांवर ‘चांगला जिवाणू’ म्हणून मिरवतो त्याच कुळातला. जुलाब घडवण्यात त्याचा हात आहे हे पाकिटावर कुणी छापत नाही.

साखरा गेल्या की उरतो सेनिडिन, म्हणजे नुसतं जोडपं. दुसऱ्या काही जिवाणूंची विकरं त्याला इलेक्ट्रॉन देऊन मधला सांधा मोडतात आणि दोन सुटे रेणू हाती येतात. त्यांचं नाव ऱ्हाईन अँथ्रोन. खरं औषध हे. १२ मिलिग्रॅम सेनोसाइडचं शंभर टक्के रूपांतर झालं, तर हिशेबानं साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऱ्हाईन अँथ्रोन तयार होईल. प्रत्यक्षात तितकं होत नाही, आणि किती होईल हे माणसागणिक बदलतं.

मग थेट ऱ्हाईन अँथ्रोनचीच गोळी का करू नये? कारण हा रेणू हवेत टिकत नाही. ऑक्सिजन लागला की तो ऱ्हाईनमध्ये बदलतो किंवा पुन्हा जोडप्यात बांधला जातो. शिवाय साखर नसल्यानं तो वरच्या आतड्यातच बराचसा शोषला जाईल आणि हव्या त्या जागी पोचणारच नाही. मोठ्या आतड्यात, ऑक्सिजन नसलेल्या जागी, अस्तराला लागूनच तो तयार होतो, म्हणून थोडक्यात काम भागतं. औषध हव्या त्या अवयवात उघडावं यासाठी औषधनिर्माते गोळ्यांवर खास लेप चढवतात. सोनामुखीत तेच काम साखरेचे दोन रेणू करतात. जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सेनोसाइड दिलं तर त्याचं असं रूपांतर होत नाही. उलट ऱ्हाईन अँथ्रोन थेट मोठ्या आतड्यात सोडलं, तर वाट न पाहता परिणाम दिसतो.

हा परिणाम दुहेरी आहे. मोठ्या आतड्याच्या हालचाली साधारण दोन प्रकारच्या. एक जागच्या जागी घुसळणारी, जिच्यामुळे मळ थांबून राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जातं. दुसरी लांबवर ढकलणारी, जी एरवी दिवसातून मोजक्या वेळाच, बरेचदा सकाळी उठल्यावर किंवा जेवणानंतर येते. ऱ्हाईन अँथ्रोनमुळे घुसळण कमी होते आणि ढकलणारी आकुंचनं वाढतात. पोटात कळ येते ती याच आकुंचनांची.

दुसरी बाजू पाण्याची. दिवसाकाठी साधारण दीड लिटर पाणी मोठ्या आतड्यात येतं आणि त्यातलं शे-दीडशे मिलिलिटर सोडून बाकीचं परत शोषलं जातं. २०१४ साली जपानमधून प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या कामात यातला एक दुवा दिसला. ऱ्हाईन अँथ्रोन अस्तरातल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना डिवचतं, त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा शेजारच्या पेशींना निरोप देणारा पदार्थ सोडतात, आणि त्यामुळे शेजारच्या पेशींमधल्या ॲक्वापोरिन-३ या जलवाहिन्यांची संख्या घटते. पाणी आतड्यातून शरीरात परतायची वाटच अरुंद होते आणि मळ मऊ राहतो. प्राण्यांमध्ये आधी हालचाल वाढताना दिसते आणि पाण्याचा परिणाम नंतर येतो.

रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी सहा-सातला काम करते ती अशी. सहा ते बारा तासांची ही वाट म्हणजे औषध ‘सावकाश चढतं’ असं नाही. त्यातला बराच वेळ नुसता प्रवासाचा असतो. अडचण होते ती हे माहीत नसलेल्यांची. दोन तासांत काही झालं नाही म्हणून आणखी दोन गोळ्या घेतल्या जातात, आणि पहाटे तिन्हींचा हिशेब एकदम चुकता होतो.

जिवाणूंवर भिस्त असल्यानं काही वेळा औषध फसतंही. प्रतिजैविकांचा कोर्स चालू असेल तर साखर उतरवणारी फौजच पातळ झालेली असते आणि नेहमीची मात्रा पुरत नाही. अशा वेळी मात्रा वाढवत जाण्यापेक्षा, जिवाणूंची गरज नसलेलं दुसरं सारक डॉक्टरांना विचारून घेणं मला शहाणपणाचं वाटतं. चूर्णाच्या बाबतीत अनिश्चितता आणखी वाढते. प्रमाणित सुक्या पानात अडीच टक्के तरी सेनोसाइड असावं अशी युरोपीय औषधसंहितेची अट आहे, म्हणजे ग्रॅमभर पानात २५ मिलिग्रॅम. प्रौढांची एका दिवसाची मात्रा १५ ते ३० मिलिग्रॅम. डब्यातला चमचा किती भरलाय आणि पानं कुठली, यावर सगळं अवलंबून. ‘झाडपाला आहे, सौम्यच असणार’ हा समज इथे उपयोगी पडत नाही.

आतडं कुठे अडलेलं असेल किंवा पोटदुखीचं कारण माहीत नसेल, तेव्हा ही ढकलणारी आकुंचनं धोक्याची. आठवडाभराहून जास्त घ्यायची झाली तर डॉक्टरांना विचारूनच. रोजच्या पातळ जुलाबांतून पोटॅशियम जातं, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना ते विशेष महागात पडतं. लघवी पिवळसर-तांबूस झाली तर मात्र घाबरू नये. तयार झालेलं थोडं ऱ्हाईन रक्तात शिरून मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्याचा तो रंग.

महिनोन् महिने सोनामुखी घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून पाहिलं, तर कधी कधी काळपट तपकिरी, चित्त्याच्या कातड्यासारखं ठिपकेदार दिसतं. याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात, पण त्यात मेलॅनिन नसतं. अस्तरातल्या काही पेशी या औषधामुळे मरतात, मॅक्रोफेज त्यांचे अवशेष गिळतात आणि त्यांच्या पोटात लिपोफ्युसिन नावाचं तपकिरी द्रव्य साठत जातं. हा डाग निरुपद्रवी मानला जातो. औषध बंद केल्यावर काही महिन्यांत त्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात आणि रंग फिकट होत जातो. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना मात्र तो बरंच सांगून जातो, कारण ‘मी काही औषध घेत नाही’ म्हणणारे रुग्ण रोजचं चूर्ण औषधात धरतच नाहीत.