सीएसएम, पीएसएम आणि नोकरीची चाळणी : सर्टिफिकेटला किंमत आली कुठून?

हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपनीची स्क्रम मास्टरच्या जागेची जाहिरात काढून बघा. ‘सीएसएम किंवा पीएसएम असल्यास प्राधान्य’ ही ओळ तिच्यात बहुतेक सापडतेच. स्क्रम ही टीमने छोट्या-छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत, स्क्रम मास्टर म्हणजे ती टीमला नीट वापरायला मदत करणारा माणूस, आणि सीएसएम, पीएसएम ही त्या कामाची सर्टिफिकेटं. इंटरव्ह्यूला बसल्यावर मात्र त्या सर्टिफिकेटबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हे असं का होतं, ते या सर्टिफिकेटांच्या जन्मकथेतून कळतं.

स्क्रमची पद्धत केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 साली जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 जणांनी अजाइलचा, म्हणजे स्क्रम ज्यात मोडतं त्या थोडं-थोडं करून दाखवत आणि बदल सामावून घेत काम करण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. त्यात सर्टिफिकेटचा उल्लेखही नव्हता. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्क्रम अलायन्स ही संस्था उभी राहिली आणि सर्टिफाइड स्क्रम मास्टर, म्हणजे सीएसएम, हा दोन दिवसांचा कोर्स सुरू झाला. सुरुवातीला त्याला परीक्षाच नव्हती. दोन दिवस वर्गात बसलं की सर्टिफिकेट हातात. साहजिकच ते घेतलेले लोक भराभर वाढले आणि त्याचा दर्जा काय, हा वाद संस्थेच्या आतच पेटला. 2009 साली खुद्द श्वेबर बाहेर पडले आणि त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग काढलं. तिथे उलटा नियम ठेवला : कोर्स करा किंवा करू नका, परीक्षा मात्र अवघड. तीच आजची प्रोफेशनल स्क्रम मास्टर वन, म्हणजे पीएसएम वन. स्क्रम अलायन्सनेही मग परीक्षा जोडली.

आजचे आकडे पाहिले तरी हा फरक दिसतो. सीएसएमला कोर्स सक्तीचा. परीक्षेत 50 प्रश्न, 60 मिनिटं आणि 37 बरोबर आले की पास. 90 दिवसांत दोनदा बसता येतं, त्याची वेगळी फी नाही. पीएसएम वनमध्ये 80 प्रश्न, तेवढीच 60 मिनिटं, आणि पास व्हायला 85 टक्के, म्हणजे 68 प्रश्न बरोबर. एका प्रश्नाला 45 सेकंद. फी 200 डॉलर, आणि नापास झालं की पुन्हा पूर्ण फी. सीएसएम दर दोन वर्षांनी 100 डॉलर आणि 20 शिक्षण-गुण भरून नूतनीकरण करावं लागतं. पीएसएमला मुदतच नाही.

पुण्यात या सर्टिफिकेटांची मागणी वाढली त्यामागचं कारण वेगळं आहे. इथल्या सर्व्हिस कंपन्या परदेशी क्लायंटला माणसं पुरवतात. प्रस्तावात टीमची माहिती देताना ‘सर्टिफाइड स्क्रम मास्टर’ लिहिलं की क्लायंटकडच्या खरेदी विभागाला एक रकाना भरल्याचं समाधान मिळतं. रिक्रूटरचंही तेच. शेकडो रेझ्युमे आले की तो शोधखिडकीत CSM किंवा PSM टाइप करतो आणि वरचे तीस-चाळीस उघडतो. म्हणजे सीएसएम आणि पीएसएम वन या पायाभूत सर्टिफिकेटांची किंमत चाळणीपुरतीच. पण तिथून खाली पडलेल्या माणसाचा अनुभव वाचायला पुढे कोणी बसलेलं नसतं, म्हणून ती किंमत शून्यही धरता येत नाही.

आता एक नमुना घ्या. पाच वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेली, स्क्रम टीममध्येच काम करणारी व्यक्ती. तिला स्क्रम मास्टर व्हायचंय. तिच्यासाठी पायाभूत पातळीच योग्य, आणि वाचून शिकायची सवय असेल तर पीएसएम वन स्वस्तात पडते. अभ्यासाचं मूळ साहित्य म्हणजे स्क्रमचे नियम सांगणारी 2020 ची स्क्रम गाइड, जेमतेम चौदा पानांची. अडचण पानांची नाही, सवयीची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच टीममध्ये अमेरिकेच्या वेळेला जुळवून संध्याकाळी साडेसहाला डेली स्क्रम, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, होतो. स्क्रम मास्टर जिरा या सॉफ्टवेअरमधला कामांचा बोर्ड उघडतो, एकेकाचं नाव घेतो, ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ विचारतो. गाइडनुसार ही 15 मिनिटं डेव्हलपर्सची. स्क्रम मास्टरने तिथे असलंच पाहिजे असं नाही, आणि ते तीन प्रश्न तर 2020 च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, रद्द करायचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे आधी काय बनवायचं ते ठरवणाऱ्याचा. आपल्याकडे तो क्लायंटचा मॅनेजर फोनवरून वापरतो. कामाचा आकार सांगणारे स्टोरी पॉइंट आणि टीमचा वेग सांगणारी व्हेलॉसिटी हे शब्द गाइडमध्ये नाहीतच. पाच वर्षांच्या अनुभवी माणसाने ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणून उत्तरं दिली की 68 चा आकडा हुकतो. जुने प्रश्नसंच घोकणाऱ्यांचंही तेच होतं, कारण त्यातली उत्तरं 2017 च्या गाइडवर बेतलेली असतात. स्क्रम डॉट ऑर्गवर 30 प्रश्नांची मोफत सराव परीक्षा आहे. ती चार-पाचदा दिली की प्रश्न ओळखीचे होतात आणि 100 टक्के मिळायला लागतात. त्यावरून तयारी जोखू नये. चुकलेल्या उत्तराचं वाक्य गाइडमध्ये शोधून दाखवता आलं, तर तयारी झाली समजा.

वरच्या पातळीचा हिशोब निराळा. स्क्रम अलायन्सच्या पुढच्या सर्टिफिकेटसाठी, म्हणजे ए-सीएसएमसाठी, आधी सीएसएम आणि गेल्या पाच वर्षांत स्क्रम मास्टर म्हणून किमान 12 महिन्यांचं काम लागतं. त्याच्या पुढच्या सीएसपी-एसएमला 24 महिने. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम टूला अशी अट नाही, पण 30 प्रश्नांना 90 मिनिटं दिलीत यातच सगळं आलं : प्रश्न प्रसंगांवर असतात. पास व्हायला इथेही 85 टक्केच. आमच्या मते दोनएक वर्षं टीम सांभाळल्याशिवाय यावर पैसे घालू नयेत. रिक्रूटर या नावांनी फारसं शोधत नाही, त्यामुळे चाळणीत त्याचा वेगळा फायदा नाही. फायदा होतो तो क्लायंटकडच्या अजाइल कोचसमोर, आणि तोही तेव्हाच, जेव्हा ‘स्प्रिंटच्या मध्यावर प्रॉडक्ट ओनरने नवं काम घुसवलं तर?’ याला ‘नाही म्हणेन’ यापलीकडचं उत्तर येतं. स्प्रिंट गोल, म्हणजे त्या स्प्रिंटचं उद्दिष्ट, शाबूत राहतो का ते पाहायचं, आणि तो राहत असेल तर काय आत घ्यायचं, काय बाहेर काढायचं हे प्रॉडक्ट ओनर आणि डेव्हलपर्सनी बोलून ठरवायचं. हे प्रत्यक्ष केलेल्या माणसाची उदाहरणं लगेच ओळखू येतात.

घाईने वरची पातळी घेतली की आणखी एक गोची होते. ए-सीएसएमसाठीचा अनुभव उमेदवार स्वतःच नोंदवतो. रेझ्युमेवर ए-सीएसएम आणि रिलीव्हिंग लेटरवर ‘टेस्ट इंजिनिअर’ असेल, तर बॅकग्राउंड तपासणीत प्रश्न येतो. तेव्हा स्क्रम मास्टरचं काम केल्याचा मॅनेजरचा मेल किंवा अप्रेझलमधली नोंद आधीच जपून ठेवलेली बरी.

जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाइलची स्वतंत्र पदंच बंद केली आणि 1,100 हून अधिक लोकांना त्याची झळ बसली. काम संपलं नाही. ते इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजरच्या अंगावर गेलं. म्हणून टेस्टर किंवा डेव्हलपर राहूनच हे काम करणाऱ्याला पायाभूत सर्टिफिकेट पुरतं. वरच्या पातळीत पैसे त्यानेच घालावेत, ज्याला पुढची काही वर्षं याच पदावर राहायचंय.

कंपनी फी परत देणार असेल तर अर्ज करण्याआधी धोरण वाचा : नापास झाल्यास पैसे मिळतात का, नूतनीकरणाचे 100 डॉलर कोण भरणार, आणि वर्षभरात नोकरी सोडली तर रक्कम पगारातून वळती होते का.