एसएन-१, एसएन-२ आणि द्रावकाच्या रकान्यातला घोळ

‘एसएन-१ला ध्रुवीय द्रावक लागतो, एसएन-२ला अध्रुवीय.’ सेंद्रिय रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलं की हे वाक्य हमखास भेटतं. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे प्रतिस्थापनाची एक यंत्रणा, उजवीकडे दुसरी. बाकीच्या ओळी बहुतेक बरोबर असतात, द्रावकाची ही एक ओळ मात्र चुकीची असते. सोडियम सायनाइड हेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रावकात टाकलं तर ते विरघळतच नाही, तळाशी पडून राहतं. न्यूक्लिओफाइल तळाशी बसल्यावर अभिक्रिया कोण करणार?

आधी थोडी उजळणी. अल्काइल हॅलाइडमध्ये कार्बनला क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन जोडलेलं असतं. इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारा न्यूक्लिओफाइल येतो, कार्बनशी बंध करतो आणि हॅलाइड सुटतो. हे दोन तऱ्हांनी घडतं. एसएन-२मध्ये येणं आणि जाणं एकाच पायरीत होतं. न्यूक्लिओफाइल मागच्या बाजूने शिरत असतानाच हॅलाइड पुढून बाहेर पडत असतो. म्हणून वेग दोघांच्याही तीव्रतेवर ठरतो. एसएन-१मध्ये हॅलाइड आधी एकटाच निघून जातो. मागे धनभारित कार्बोकॅटायन उरतो आणि न्यूक्लिओफाइल नंतर त्याला पकडतो. पहिली पायरी सगळ्यात संथ असल्यामुळे न्यूक्लिओफाइल कितीही ओतला तरी वेग वाढत नाही. ही विभागणी १९३०च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एडवर्ड ह्यूज आणि ख्रिस्तोफर इंगोल्ड यांनी बसवली.

आता द्रावक. एसएन-१ची गोष्ट सोपी आहे. भार नसलेल्या रेणूतून एक धन आणि एक ऋण आयन वेगळे करायचे, म्हणजे त्यांना सावरायला कुणीतरी हवं. पाण्याचे रेणू हे काम उत्तम करतात: ऑक्सिजनची बाजू कार्बोकॅटायनकडे, हायड्रोजनची बाजू हॅलाइडकडे. टर्शियरी ब्युटाइल क्लोराइड २५ अंश सेल्सिअसला शुद्ध इथेनॉलमध्ये ज्या वेगाने फुटतं, त्याच्या तीन लाखांहून अधिक पट वेगाने ते पाण्यात फुटतं. रेणू तोच, तापमान तेच, बदलला तो फक्त शेजार.

एसएन-२चं प्रकरण खरं मजेदार, आणि मला सर्वांत आवडणारं. १-ब्रोमोब्युटेन घ्या, न्यूक्लिओफाइल म्हणून अझाइड आयन घ्या. मिथेनॉलमधला वेग १ मानला तर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये (डीएमएसओ) तो सुमारे १३०० भरतो आणि डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये (डीएमएफ) सुमारे २८००. आता या द्रावकांचे डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाहा. हा आकडा म्हणजे द्रावकाच्या ध्रुवीयतेचं ढोबळ माप. मिथेनॉलचा सुमारे ३३, डीएमएफचा सुमारे ३७. जवळजवळ सारखेच! ध्रुवीयता सारखी असताना वेग हजारो पटींनी बदलत असेल, तर कारण ध्रुवीयतेत शोधून सापडणार नाही.

ते हायड्रोजनबंधात आहे. मिथेनॉलमध्ये ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे, आणि तो ऋण आयनाकडे ओढला जातो. अझाइड, क्लोराइड किंवा सायनाइड त्यात विरघळला की असे कितीतरी हायड्रोजन त्याला घेरतात. वऱ्हाडाच्या गराड्यात अडकलेल्या नवरदेवासारखी त्याची गत होते. बोहल्यावर पोचायचं तर आधी गर्दी हटवायला हवी. ही गर्दी हटवायला लागणारी ऊर्जा अभिक्रियेच्या अडथळ्यात मिळवली जाते. डीएमएसओ किंवा डीएमएफमध्ये असा हायड्रोजन नसतो. त्यांच्या रेणूचं ऋण टोक, म्हणजे ऑक्सिजन, उघड्यावर असतं आणि ते सोडियम आयनाला सहज धरून ठेवतं. धन टोक मात्र मिथाइल गटांच्या आत दडलेलं असतं, त्यामुळे ऋण आयनाला ते नीट धरू शकत नाही. मीठ विरघळतं, पण न्यूक्लिओफाइल जवळपास मोकळा राहतो.

याचा पुरावा हॅलाइडांच्या क्रमात दिसतो. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये आयोडाइड सर्वांत चपळ न्यूक्लिओफाइल आणि फ्लोराइड सर्वांत मंद, कारण छोट्या फ्लोराइडभोवती गराडा सर्वांत घट्ट. डीएमएफमध्ये हा क्रम चक्क उलटतो. म्हणून ‘आयोडाइड उत्तम न्यूक्लिओफाइल’ हे द्रावकाचं नाव न घेता लिहिलेलं वाक्य अर्धवट असतं.

मग ‘अध्रुवीय’ हा शब्द तक्त्यात शिरला कुठून? ह्यूज-इंगोल्ड यांचा एक नियम आहे. ऋण न्यूक्लिओफाइलच्या एसएन-२मध्ये संक्रमण अवस्थेत भार पसरतो, त्यामुळे द्रावकाची ध्रुवीयता वाढली तर वेग किंचित घटतो. या ‘किंचित घटतो’चं पाठांतरात ‘अध्रुवीय हवा’ झालं.

जाता जाता एक. द्रावकाच्या या गराड्याचा हवाला देऊन ‘पाण्याला स्मृती असते’ असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. द्रव पाण्यातले हायड्रोजनबंध साधारण पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास, तुटून नव्याने जुळतात. इतक्या वेळात कसली आठवण जपणार?

सब्स्ट्रेटचा, म्हणजे ज्यातून हॅलाइड सुटतो त्या रेणूचा, रकाना मुलं बरा लिहितात. एसएन-२मध्ये मागची वाट मोकळी हवी, म्हणून इथाइलचा वेग १ धरला तर मिथाइलचा सुमारे ३० आणि आयसोप्रोपाइलचा सुमारे चाळिसावा भाग. टर्शियरी, म्हणजे हॅलाइडच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असले, तर वाट जवळजवळ बंदच. एसएन-१मध्ये उलट: शेजारचे अल्काइल गट कार्बोकॅटायनला इलेक्ट्रॉन पुरवून स्थिर करतात, म्हणून टर्शियरी पुढे. पण निओपेंटाइल ब्रोमाइड हा सापळा आहे. नावाला प्रायमरी, म्हणजे हॅलाइडच्या कार्बनला एकच कार्बन जोडलेला, पण त्या शेजारच्याच कार्बनवर तीन मिथाइल गट बसलेले. मागची वाट अडते आणि एसएन-२चा वेग इथाइलच्या सुमारे लाखाव्या भागावर येतो. प्रायमरी असल्याने एसएन-१ही जमत नाही. जबरदस्तीने आयन करायला लावलं तर एक मिथाइल गट जागा बदलतो आणि टर्शियरी सांगाड्याचा पदार्थ मिळतो. ‘प्रायमरी म्हणजे एसएन-२’ एवढंच लिहिणारा इथे फसतो.

आणखी एक अडचण: वेगाचं समीकरण दर वेळी निवाडा देत नाही. पाणी हेच द्रावक आणि तेच न्यूक्लिओफाइल असेल तर त्याची तीव्रता लिटरला सुमारे ५५ मोल इतकी असते आणि ती बदलतच नाही, म्हणून दोन्ही यंत्रणा पहिल्या कोटीच्या दिसतात, म्हणजे वेग एकट्या अल्काइल हॅलाइडच्या तीव्रतेवर ठरल्यासारखा वाटतो. अशा वेळी थोडं सोडियम अझाइड घालून पाहतात. डायफिनाइलमिथाइल क्लोराइड पाणी मिसळलेल्या ॲसिटोनमध्ये घेतलं तर हॅलाइड सुटण्याचा वेग फारसा बदलत नाही, पण उत्पादनात अझाइड येतं. म्हणजे वेग ठरवणारी पायरी आधीच होऊन गेली आणि अझाइड नंतर आला. हा एसएन-१.

आता प्रश्न असा: १-ब्रोमोब्युटेन आणि २-ब्रोमो-२-मिथाइलप्रोपेन या दोन्हींवर डीएमएसओमध्ये सोडियम सायनाइडची अभिक्रिया लिहा. पहिल्याचं उत्तर सरळ: प्रायमरी कार्बन, मोकळी वाट, मोकळा सायनाइड; एसएन-२ होऊन पेंटेननायट्राइल. दुसऱ्यापुढे पुष्कळ जण ‘टर्शियरी, म्हणून एसएन-१’ लिहून टर्शियरी ब्युटाइल सायनाइड काढतात. पण हॅलाइडला सावरणारं पाणी इथे नाही, मागची वाट बंद आहे, आणि मोकळा सायनाइड आम्लारीसारखाही वागतो. तो शेजारच्या मिथाइलमधला हायड्रोजन काढून नेतो आणि मुख्यतः २-मिथाइलप्रोपीन हा वायू तयार होतो. तेव्हा उत्तरात दोन रकान्यांखाली ‘विलोपन’ ही तिसरी ओळ लिहावीच लागते, आणि तिचं कारण म्हणून द्रावक व सब्स्ट्रेट या दोघांची नावं एकाच वाक्यात यायला हवीत.