ठेचेची म्हण आणि ठेचेची बढाई: फरक नेमका कुठे पडतो

स्वतःवर आलेल्या फजितीतून चार शब्दांची म्हण घडवायची म्हटलं की दहापैकी आठ जण जे लिहितात ती म्हण नसतेच. ती बढाई असते, फक्त मान खाली घालून केलेली. ‘पडलो, उठलो, शिकलो’, ‘ठेचांनीच मला चालायला शिकवलं’, ‘राखेतून उठणाऱ्याला आगीची भीती नसते’ अशी वाक्यं सकाळच्या शुभेच्छांबरोबर रोज फिरतात आणि खाली ‘अनुभवाचे बोल’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, अनुभवही खरा असतो. पण वाचणाऱ्याच्या हाती ठेच लागत नाही, ठेच खाणारा लागतो.

म्हण कशी असते हे मराठी माणसाला सांगायला नको. आखूड, दोन तुकड्यांची, जमलं तर यमकाची, आणि सोबत डोळ्यांसमोर येणारी एखादी वस्तू. सुविचारात ती वस्तू नसते, म्हणून ‘अपयशाने खचून जाऊ नये’ हा सुविचार आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण. एवढं शाळेत झालेलं आहे, पुढे जाऊ.

खरा घोळ इथे आहे. ‘बढाई नको, म्हणून वाक्यातून मी काढून टाका’ असा सल्ला सगळे देतात. तो अपुरा आहे. मराठीत ‘मी’ क्रियापदाच्या शेपटीत लपून बसतो. ‘पडलो, उठलो, शिकलो’ यात ‘मी’ कुठेच नाही, पण प्रत्येक ‘लो’मध्ये आहे. लिहिणारी बाई असेल तर ‘पडले, उठले, शिकले’. तीन शब्दांत तीनदा स्वतःचं नाव. आणि समजा हेही टाळलं, तरी ‘राखेतून उठणाऱ्याला’ या वाक्यात राखेतून उठलेला तो कोण, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

म्हणून कसोटी दुसरी लावावी. वाक्य तयार झालं की ते अशा माणसाच्या तोंडी घालून पाहावं, ज्याला तीच ठेच लागली आणि जो अजून सावरलेला नाही. पैसे बुडाले, ते परत आले नाहीत, धंदा बंद पडला. त्याच्या तोंडी वाक्य शोभत असेल तर ती म्हण. फक्त जिंकून बाहेर आलेल्याच्याच तोंडी शोभत असेल तर ती बढाई, मग तिच्यात ‘मी’ असो वा नसो.

आपल्या जुन्या म्हणी ही कसोटी सहज पार करतात, आणि कशा करतात ते पाहण्यासारखं आहे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही नीट ऐका. ठेच एकाला लागली आहे आणि शहाणपण दुसऱ्याला मिळालं आहे. ज्याचा अंगठा फुटला त्याला या म्हणीत कसलंही श्रेय नाही, तो पुढे सावरला की नाही याचा उल्लेखही नाही. ‘दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात’ यात पोळणारा आणि शिकणारा एकच माणूस आहे, पण म्हणीत तो थोडा वेडाच दिसतो, कारण थंड ताक कोण फुंकतं? धडा घेतला, तोही गरजेपेक्षा जास्त. मिरवण्यासारखं काही उरत नाही. पुण्याचा ‘ध चा मा’ घ्या. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची आख्यायिका त्याला चिकटली. एवढा मोठा घात, पण बोलीत उरलं फक्त एक अक्षर. त्यातून कोण शहाणं झालं, याबद्दल त्या तीन शब्दांत काही नाही. जिथे बिघडलं त्या जागेवर बोट ठेवलं आणि थांबले. म्हण ठेचेपाशी थांबते, बढाई ठेच ओलांडून पुढे चालू लागते.

आता हे एका उदाहरणावर करून पाहू. कोथरूडमध्ये घरगुती फराळ करणारी एक बाई आहे असं समजा. दिवाळीत एका कार्यालयाची 40 किलो चकलीची ऑर्डर. शेवटचा घाणा रात्री दोनला निघाला, तीनला पिशव्या भरून सील केल्या, सहाला टेम्पो आला. सकाळी चाखलेली चकली कुरकुरीत होती. तिसऱ्या दिवशी फोन आला की चकल्या मऊ पडल्या आहेत. पैसे परत करावे लागले आणि ते गिऱ्हाईकही गेलं.

पहिलं काम म्हणजे हे सगळं पाच-सहा ओळींत लिहून काढायचं, वेळा आणि मापांसकट. भावना नंतर. कारण चुकीचं धरलं तर म्हणही चुकीची होते. चकली मऊ पडायला कारणं अनेक. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर ती तेल पिते, पण मग ती पहिल्या दिवशीच मऊ लागली असती. इथे सकाळी ती कुरकुरीत होती, म्हणजे दोष तेल कमी तापल्याचा नाही. परत आलेल्या पिशव्यांना आतून पाण्याचे बारीक थेंब दिसले. चकली पुरती निवण्याआधी पिशवी बंद झाली, आतल्या वाफेचं पाणी झालं आणि ते चकलीनेच शोषलं. आणखी खोलात गेलं तर असं दिसतं की वेळ तसा होता, पण चकल्या परातीत ढिगाने रचल्या होत्या. वरच्या चकलीला हात लावून ‘निवलं’ म्हटलं, मधल्या अजून कोमट होत्या. कागदावर एकेरी पसरल्या असत्या तर निभावलं असतं.

दुसरं काम, पहिले सुचतील ते मसुदे लिहून बाजूला ठेवायचे. ते बहुतेक असे असतात: ‘चाळीस किलो गेली, पण हिंमत नाही गेली.’ ताल छान आहे, आणि सरळ बढाई आहे. धंदा बंद केलेल्या बाईच्या तोंडी हे घालून पाहा, बसत नाही. दुसरा मसुदा: ‘टेम्पोवाल्याची घाई, चकलीची माती.’ हा टोमणा. पुणेरी पाटीवर शोभेल, पण धडा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. टेम्पो ठरल्या वेळीच आला होता. तिसरा: ‘संयमाचं फळ कुरकुरीत.’ हा सुविचार, आणि तोही ओढूनताणून.

चौथ्या खेपेला नुसती कृती आणि नुसता परिणाम लिहायचा. ‘चकली मऊ पडली’ असं लिहिलं तर दोष चकलीवर जातो, जणू ती आपली आपण पडली. म्हणून कृतीचं क्रियापद हवं, कुणीतरी केलेलं: भरलं, झाकलं, बांधलं. इथे मराठी आपल्याला मोठी मदत करते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्ता वगळला तरी त्याची जबाबदारी वगळली जात नाही. ‘झाकलं’ म्हटलं की कुणीतरी झाकलं हे कळतं, पण मी, तिने की त्यांनी हे कळत नाही. ‘पडलो’मध्ये हे शक्य नव्हतं. कबुली राहते, नाव गळतं. असं करत वाक्य येतं:

गरम झाकलं, नरम निघालं.

सहा अक्षरं इकडे, सहा तिकडे. गरम-नरम यमक आयतं मिळालं, पण ते नसतं तरी चाललं असतं. यमकासाठी कारण वाकवलं की म्हण पोकळ होते. वाक्यात चकली नाही, तरी झाकण आणि वाफ दिसते. आणि ते धंदा बुडालेली बाई म्हणू शकते, तिची सूनही म्हणू शकते, दोघींच्या तोंडी अर्थ एकच.

‘वरची निवली, मधली वाफाळली’ हीसुद्धा याच फजितीतून निघते, आणि खऱ्या कारणाच्या ती जास्त जवळ आहे. दोन्हींत निवड करावी लागते, दोन्ही जोडू नयेत. एका म्हणीत दोन धडे कोंबले की एकही लक्षात राहत नाही. मी पहिली घेईन, कारण दुसरी समजायला परात डोळ्यांपुढे असावी लागते.

त्यानंतर म्हण परक्या प्रसंगात नेऊन पाहावी. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून वाद पेटला आणि आवाज चढलेले असतानाच समेटाच्या कागदावर सह्या घेतल्या. महिन्याभरात तो समेट कुणी पाळत नाही. ‘गरम झाकलं, नरम निघालं’ इथे बसतं, आणि चकलीची गोष्ट सांगावी लागत नाही. गोष्ट सांगितल्याशिवाय अर्थ लागत नसेल तर वाक्य अजून घरगुती आठवण आहे, म्हण नाही. पण ही सगळीकडे ताणूही नये. उशीर झाल्याने बिघडलेल्या कामाला ती लागू पडत नाही. सुरुवातीला चांगलं दिसून नंतर ढिलं पडलेल्या कामालाच ती लागते. मर्यादा असलेली म्हण जास्त टिकते.

लिहिताना ‘झाकले, निघाले’ असं प्रमाण रूप करू नये, बोलण्यात ते अडखळतं. खाली स्वतःचं नाव तर अजिबात घालू नये, कारण काढून टाकलेला ‘मी’ सहीच्या रूपाने परत येतो. अगोदर ‘मी एकदा असं केलं होतं, तेव्हापासून म्हणते’ अशी प्रस्तावनाही नको. म्हण कुणी झाकण लावायला निघालं की त्या क्षणी म्हणायची, एवढंच. घरात ती रुळली की कुणी पूर्ण म्हणतही नाही. ‘नाचता येईना’ म्हटलं की अंगण जसं आपोआप वाकडं होतं, तसं पुढच्या दिवाळीत परातीवर हात ठेवून कुणीतरी नुसतं ‘गरम झाकलं…’ म्हणेल आणि पिशवीकडे गेलेला हात मागे येईल.